पुरवठादाराने सांभाळायचा साठा : लघुउत्पादकाने काय स्वीकारावे, काय नाकारावे

किरकोळ व्यापारात माल मागवण्याचा अधिकार परंपरेने विकत घेणाऱ्याकडे असतो; दुकानदार आपली शिल्लक पाहतो, पुढच्या विक्रीचा अंदाज बांधतो, मागणीपत्र पाठवतो आणि उत्पादक त्या मागणीपत्राची वाट पाहतो. व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी, संक्षेपाने व्हीएमआय, या व्यवस्थेत हा क्रम उलटतो. दुकानांतील विक्रीचे आणि शिल्लक मालाचे आकडे ठरावीक दिवशी उत्पादकाकडे येतात आणि आधी मान्य झालेल्या मर्यादांच्या आत किती माल केव्हा पाठवायचा याचा निर्णय उत्पादकच घेतो. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वॉलमार्ट यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत रुजवली, तेव्हा दोन्ही बाजूंना तुल्यबळ कंपन्या होत्या. एका बाजूला पंधरा-वीस कामगारांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला सुपरमार्केटची साखळी असते तेव्हा मात्र व्यवस्था तीच राहिली तरी तिचे परिणाम तसेच राहत नाहीत, आणि म्हणून लघुउत्पादकाने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणे आवश्यक ठरते.

या व्यवस्थेत दोन गोष्टी एकमेकींपासून अलग आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. साठ्याचा निर्णय कोणी घ्यायचा हा एक प्रश्न आहे आणि तो साठा कोणाच्या मालकीचा हा दुसरा. व्हीएमआय म्हटले की केवळ निर्णय उत्पादकाकडे येतो. माल साखळीच्या गोदामात उतरताच साखळीच्या मालकीचा होऊ शकतो आणि त्याच्या पैशांची मुदत त्या दिवसापासून सुरू होऊ शकते. प्रत्यक्ष वाटाघाटीत मात्र साखळीचे खरेदी अधिकारी पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच प्रस्तावात बांधून पुढे ठेवतात, आणि लघुउत्पादक निर्णयाच्या अधिकाराला भुलून मालकीचा भारही अंगावर घेतो. पुढील सगळे विवेचन या दोन प्रश्नांची गाठ सोडवून पाहण्यासाठी आहे.

निर्णय उत्पादकाकडे आल्याने नेमके काय साधते, हे समजण्यासाठी मागणीपत्रांचा स्वभाव पाहावा लागतो. ग्राहक दुकानातून एखादी वस्तू बऱ्याच अंशी एकसारख्या गतीने नेत असला तरी दुकानाची मागणी उत्पादकापर्यंत पोहोचता पोहोचता उड्या मारू लागते, कारण दुकान गाडी भरेल इतका माल एकदम मागवते, सवलत मिळाली की जास्त मागवते आणि टंचाईची कुणकुण लागली की गरजेपेक्षा अधिक नोंदवून ठेवते. पुरवठासाखळीच्या प्रत्येक टप्प्यावर हे चढउतार वाढत जातात. पुरवठाशास्त्रात याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. इटलीतील पार्मा येथील बारिला या पास्ता बनवणाऱ्या कंपनीला १९८०च्या दशकात हाच त्रास होत होता : पास्ता खाण्याचे प्रमाण आठवड्यागणिक फारसे बदलत नसताना वितरकांच्या मागण्या मात्र कमालीच्या वरखाली होत. कंपनीने वितरकांकडून गोदामातील रोजची जावक मागून घेऊन पुरवठा स्वतः ठरवण्याची योजना मांडली, तेव्हा वितरकांनी आपला अधिकार जातो म्हणून आणि कंपनीच्याच विक्री विभागाने आपले महत्त्व कमी होते म्हणून तिला विरोध केला. अखेरीस कंपनीने ती आधी स्वतःच्या आगारांत राबवली, साठा घटूनही दुकानांना माल अधिक नियमितपणे मिळतो हे तेथे दाखवले आणि त्यानंतरच वितरक राजी झाले. आधी आपल्याच घरात प्रयोग करून पाहण्याचा हा क्रम लघुउत्पादकालाही तितकाच उपयोगी आहे; त्याचा विचार शेवटी येईल.

आता एक कल्पित पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊन आकडेमोड करता येईल. समजा, कोल्हापूर परिसरातील एक उत्पादक कांदा-लसूण मसाल्याची २०० ग्रॅमची पाकिटे बनवतो आणि १८ दुकाने असलेल्या एका साखळीला ती ७० रुपये दराने देतो. सर्व दुकानांत मिळून रोज सरासरी १८० पाकिटे खपतात. हा आकडा रोज तोच राहत नाही, आणि सरासरीपासून तो साधारणपणे किती ढळतो हे मोजणारे प्रमाण विचलन ६० पाकिटे आहे. माल साखळीच्या मध्यवर्ती गोदामात उतरतो आणि तेथून दुकानांना जातो. एका खोक्यात ४० पाकिटे बसतात. उत्पादक दर सोमवारी आकडे पाहून निर्णय घेतो आणि माल गुरुवारी गोदामात उतरतो, म्हणजे निर्णयापासून आवकेपर्यंत तीन दिवस जातात.

सोमवारी घेतलेला निर्णय किती दिवसांना पुरला पाहिजे, हा येथील कळीचा प्रश्न आहे. या सोमवारचा माल गुरुवारी उतरेल आणि त्यानंतरची भर पुढल्या सोमवारी ठरून पुढल्या गुरुवारी येईल. म्हणून आजची शिल्लक आणि आज पाठवलेला माल मिळून तीन अधिक सात, म्हणजे दहा दिवस निभावले पाहिजेत. दहा दिवसांची सरासरी विक्री १,८०० पाकिटे होते. विक्री सरासरीपेक्षा वाढली तर आधार असावा म्हणून त्यावर राखीव साठा ठेवतात, आणि तो काढण्याची रूढ रीत अशी आहे की रोजच्या प्रमाण विचलनाला दिवसांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचे आणि त्याला पुन्हा १.६५ने गुणायचे. हा १.६५चा गुणक घेतल्यास शंभरपैकी सुमारे पंच्याण्णव फेऱ्यांत माल कमी पडत नाही. येथे ६० गुणिले ३.१६ गुणिले १.६५ म्हणजे सुमारे ३१३ पाकिटे येतात. दोहोंची बेरीज २,११३. खोक्यांच्या हिशेबात ५३ खोकी, अर्थात २,१२० पाकिटे. ही झाली साठ्याची वरची मर्यादा. सोमवारी गोदामात ८६० पाकिटे शिल्लक असली आणि वाटेत काही नसले, तर १,२६०ची भर लागते आणि ३२ खोकी पाठवावी लागतात. आधीच्या आठवड्यात विक्री वाढून शिल्लक ६४०वर आली असेल तर ३७ खोकी जातात. सोमवारीच शिल्लक ७२०च्या खाली दिसली, तर गुरुवारपर्यंतचे तीन दिवस निभावण्याची खात्री उरत नाही आणि मधली एक जादा फेरी करावी की नाही याचा विचार त्याच दिवशी करावा लागतो.

एवढे गणित एका साध्या तक्त्यात बसते आणि त्यासाठी महागड्या संगणकप्रणालीची गरज नसते. अवघड आहे ते फेऱ्यांची संख्या ठरवणे, आणि या बाबतीत मोठ्या कंपन्यांच्या अनुभवावर लिहिलेली पुस्तके लघुउत्पादकाची दिशाभूल करतात. माल जितका वारंवार पाठवावा तितका साठा कमी लागतो, हे तत्त्व म्हणून खरे आहे. वरच्या उदाहरणात आठवड्यातून दोनदा पुरवठा केला तर दहाऐवजी सात दिवसांची तरतूद पुरते आणि गोदामातील सरासरी साठा सुमारे ९४३ पाकिटांवरून ५७७वर येतो. वाचलेल्या ३६६ पाकिटांची किंमत २५,६२० रुपये, आणि त्यावर वर्षाला १२ टक्के भांडवलखर्च धरला तर वर्षाची बचत सुमारे ३,१०० रुपये. मात्र टेम्पोची एक फेरी १,८०० रुपयांना पडत असेल तर वर्षाला वाढलेल्या ५२ फेऱ्यांचे ९३,६०० रुपये होतात. तीन हजार वाचवण्यासाठी नव्वद हजारांवर खर्च करण्याचा हा व्यवहार केवळ आकडे न मांडल्यामुळे पत्करला जातो. सहा महिने टिकणाऱ्या मसाल्यासाठी आठवड्याची फेरी पुरेशी आहे. किंबहुना हा एकच पदार्थ असेल तर दहा दिवसांची फेरीही तपासून पाहावी. दोन फेऱ्या परवडतात त्या एकाच टेम्पोत लोणचे, चटणी, पापड असे चार-पाच पदार्थ जात असतील तेव्हा, किंवा शेजारच्या एखाद्या उत्पादकाबरोबर गाडी वाटून घेता येत असेल तेव्हा. पनीर किंवा पाव यांसारख्या नाशवंत मालाचे गणित अर्थातच निराळे असते, कारण तेथे साठ्याचा खर्च व्याजाने मोजला जात नाही, तो फेकून द्याव्या लागणाऱ्या मालाने मोजला जातो.

वाहतूक वाढूनही उत्पादकाला लाभ होतो तो उत्पादनाच्या नियोजनात. पंधरा दिवसांनी कधी दीड हजार तर कधी चार हजार पाकिटांची मागणी अचानक येत असताना उत्पादकाला स्वतःच्या गोदामात मोठा तयार साठा धरून बसावे लागते, आणि तरीही ऐन वेळी जादा पाळी लावावी लागते. रोजची विक्री दिसू लागली की मसाला दळण्याचा दिवस आणि मिरची, धणे, खोबरे यांची खरेदी सात-आठ दिवस आधी ठरवता येते. एका घाणीत ५०० किलो मसाला निघत असेल तर ती २,५०० पाकिटे म्हणजे दोन आठवड्यांची विक्री झाली. तेव्हा दर आठवड्याच्या पुरवठ्याबरोबर उत्पादनही दर आठवड्याला करण्याची गरज नाही, मात्र पुढची घाणी सोमवारी काढावी की आणखी चार दिवसांनी, हे आता अंदाजावर सोडावे लागत नाही.

या साऱ्या गणिताचा पाया म्हणजे साखळीकडून येणारे आकडे, आणि ते खरे नसतील तर निर्णयाचा अधिकार हा केवळ दोष अंगावर घेण्याचा अधिकार ठरतो. प्रथम हे पाहावे की मिळणारा आकडा गल्ल्यावर झालेल्या विक्रीचा आहे की मध्यवर्ती गोदामातून दुकानांकडे गेलेल्या मालाचा. दुसरा आकडा मिळवणे सोपे असते, पण दुकानांचे व्यवस्थापक माल एकदम मागवत असतील तर त्यात तेच चढउतार पुन्हा शिरतात जे टाळण्यासाठी ही व्यवस्था उभी केली. शक्य तेथे दोन्ही मागावेत. दीर्घकाळात त्यांची बेरीज जवळपास सारखी आली पाहिजे. गोदामाची जावक सतत विक्रीपेक्षा जास्त राहिली तर माल दुकानांत साचतो आहे किंवा कोठेतरी गळतो आहे, असे समजावे.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. संगणक सांगतो की अमुक दुकानात नऊ पाकिटे शिल्लक आहेत, आणि फळीवर एकही नसते. पाकीट चोरीला गेलेले असते, फुटून कचऱ्यात गेलेले असते, किंवा गल्ल्यावर दोन प्रकारची पाकिटे एकाच प्रकाराच्या बारकोडवर दोनदा नोंदलेली असतात. अशा खोट्या शिलकीचा परिणाम असा होतो की संगणकाच्या लेखी माल असल्यामुळे नवा माल जात नाही, माल नसल्यामुळे विक्री होत नाही आणि विक्री न झाल्यामुळे शिलकीचा आकडा हलत नाही. कोणी हाताने मोजेपर्यंत हे असेच चालते. मधल्या काळात घटलेली विक्री सरासरीत मिसळून पुढचा पुरवठाही घटवते. उत्पादकाला हे कारखान्यात बसून ओळखता येते. एखाद्या दुकानात रोज सरासरी तीन पाकिटे खपत असतील, तर सलग दोन दिवस एकही न खपण्याची शक्यता केवळ योगायोग म्हणून पाहिल्यास चारशेत एक इतकी कमी आहे; म्हणून संगणकावर शिल्लक दिसत असूनही दोन दिवस विक्री शून्य असेल तर त्या दुकानाला फोन करून फळी मोजायला सांगावी. दर सोमवारी असे एक-दोन फोन करणे हे या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

तिसरी अडचण योजनांची. साखळीने ‘एकावर एक मोफत’ जाहीर केले की त्या आठवड्याची विक्री तिप्पट होऊ शकते, आणि योजना आधी कळली नाही तर दोन नुकसाने लागोपाठ होतात : योजना चालू असताना माल कमी पडतो आणि योजना संपल्यावर फुगलेल्या सरासरीमुळे जास्त जातो. यावर उपाय दुहेरी आहे. योजनेची सूचना किमान तीन आठवडे आधी लेखी मिळावी, अशी अट करारात घालावी. आणि योजनेचे दिवस सरासरीच्या हिशेबातून वगळावेत. सणासुदीच्या मालाला हीच गोष्ट अधिक तीव्रतेने लागू पडते. चकलीच्या भाजणीची मागणी दिवाळीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकवटते आणि मागील महिन्याची सरासरी तेथे आधी अपुरी आणि नंतर अवास्तव ठरते. अशा मालाचा पुरवठा दोन्ही बाजूंनी बसून ठरवलेल्या संख्येनेच करावा आणि व्हीएमआयची सुरुवात त्याने कधीही करू नये.

आता मालकीचा प्रश्न. मालकी केव्हा बदलते यावरून या व्यवस्थेचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात माल मध्यवर्ती गोदामात उतरताच साखळीचा होतो. दुसऱ्यात तो गोदामात असेपर्यंत उत्पादकाचा राहतो आणि दुकानाकडे निघाला की साखळीचा होतो. तिसऱ्यात तो गल्ल्यावर बारकोड वाचला जाईपर्यंत उत्पादकाचाच असतो. विकला गेला तरच त्याचे बिल होते. दुसरा आणि तिसरा प्रकार म्हणजे व्यापारातील जुना जांगड व्यवहारच, फक्त त्याची नोंद आता संगणकावर होते.

कोणता प्रकार स्वीकारला आहे त्यावर मर्यादांचे राजकारण ठरते. माल उतरताच साखळीचा होत असेल, तर उत्पादक गोदाम भरून टाकील अशी भीती साखळीला असते आणि ती वरची मर्यादा काटेकोर करून मागते. हे न्याय्य आहे आणि उत्पादकाने ते मान्य करावे. माल उत्पादकाच्याच मालकीचा राहत असेल, तर साखळीला वरच्या मर्यादेशी कर्तव्य उरत नाही. ती खालची मर्यादा वाढवून मागते, कारण दुसऱ्याच्या पैशांवर भरलेले गोदाम कोणालाही गैरसोयीचे वाटत नाही. करारात ‘गोदामात कोणत्याही वेळी किमान सात दिवसांचा साठा असावा’ असे वरवर निरुपद्रवी वाक्य येते. वरच्या उदाहरणात गुरुवारी सकाळी, नवा माल उतरण्यापूर्वी, शिल्लक सुमारे ३०० पाकिटे असणे हे नियोजनाप्रमाणेच आहे. सात दिवसांची अट आली की त्या क्षणीही १,२६० पाकिटे असावी लागतात. सरासरी साठा सुमारे ९४७ पाकिटांनी, म्हणजे ६६,००० रुपयांहून अधिक रकमेने वाढतो, आणि अट मोडल्यास दंड असेल तर उत्पादक भीतीपोटी आणखी भर घालतो. म्हणून खालची मर्यादा स्वीकारायची झाल्यास ती दिवसांच्या गोल आकड्यात न ठेवता गणिताने काढावी आणि ती कोणत्या वाराला मोजायची हेही करारात लिहावे.

तिसऱ्या प्रकाराची पूर्ण किंमत काढून पाहिल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. मध्यवर्ती गोदामात सरासरी ९४३ आणि प्रत्येक दुकानाच्या फळीवर व मागच्या खोलीत मिळून ६० याप्रमाणे १८ दुकानांत १,०८०, अशी एकूण सुमारे २,०२० पाकिटे उत्पादकाच्या नावावर पडून राहतात. त्यांची किंमत १ लाख ४१ हजार रुपयांच्या आसपास होते. खेळते भांडवल तेवढ्याने जास्त अडकते आणि १२ टक्क्यांनी त्याचा वार्षिक खर्च १७,००० रुपये येतो. वर्षाच्या ६५,७०० पाकिटांवर तो वाटला तर पाकिटामागे सुमारे २६ पैसे पडतात. हा भार सोसण्याजोगा आहे, आणि वाटाघाटीत चर्चाही बहुधा याच आकड्याची होते. न बोलला जाणारा आकडा तुटीचा असतो. बारकोड वाचला गेला तरच पैसे मिळणार असतील, तर दुकानातून चोरीस गेलेले, उंदराने कुरतडलेले, चुकीच्या बारकोडवर नोंदलेले प्रत्येक पाकीट उत्पादकाच्या खिशातून जाते. अशी तूट दोन टक्के धरली तरी वर्षाला १,३१४ पाकिटे, म्हणजे सुमारे ९२,००० रुपये. पाकिटामागे १ रुपया ४० पैसे. दोन्ही मिळून पाकिटामागे १ रुपया ६६ पैसे, म्हणजे विक्रीदराच्या जवळपास अडीच टक्के होतात. अल्प नफ्याच्या धंद्यात हा आकडा साधा नाही. शिवाय ही तूट आटोक्यात ठेवण्याची साधने, म्हणजे दुकानातील पहारेकरी, कॅमेरे, गल्ल्यावरचे कर्मचारी, सगळी साखळीच्या ताब्यात आहेत. आणि जो ती थांबवू शकतो त्याच्यावरच तिचा भार नसेल तर ती थांबवण्याची घाईही त्याला नसते. तेव्हा गल्ल्यावरच्या मालकीबदलाला होकार द्यायचाच झाला तर दर तेवढ्याने वाढवून मिळावा, किंवा दर तिमाहीला दोघांच्या माणसांनी मिळून साठा मोजावा आणि अर्ध्या टक्क्यावरील तूट साखळीने भरून द्यावी, अशी अट असावी. दोन्ही नाकारले गेले तर पहिल्या प्रकारावर ठाम राहण्यात शहाणपण आहे.

मालकीचा क्षण कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. हे संरक्षण उपयोगात आणण्यासाठी उत्पादकाची उद्यम नोंदणी असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. माल गोदामात उतरताच विकला जात असेल तर ४५ दिवसांची गणती कोठून सुरू होते याविषयी शंका राहत नाही. विक्री गल्ल्यावर झाली असे मानले तर मात्र बिलच उशिरा तयार होते, गोदामात आणि फळीवर गेलेले अकरा-बारा दिवस मुदतीच्या बाहेर राहतात आणि वाद झाल्यास ‘स्वीकृती’ केव्हा झाली यावर दोन्ही बाजू भांडत बसतात. जांगड मालाला वस्तू व सेवा कराच्या कायद्यातही स्वतंत्र नियम आहे : मान्यतेच्या किंवा परतीच्या बोलीवर पाठवलेल्या मालाचे करबीजक पुरवठा झाल्यावर किंवा माल हलवल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, काढावे लागते आणि तोपर्यंत माल वितरण चलनावर जातो. म्हणजे कोणती खेप केव्हा निघाली आणि तिच्यातील किती विकली गेली याची खेपवार नोंद ठेवणे भाग पडते. एका लेखनिकावर चालणाऱ्या कारखान्याला हे काम किती परवडेल, हे कर सल्लागाराला बरोबर घेऊन आधीच तपासावे.

मुदतबाह्य मालाविषयी साखळीची भूमिका सहसा अशी असते की पुरवठ्याचा निर्णय उत्पादकाचा, म्हणून मुदत उलटलेला मालही उत्पादकाने परत घ्यावा. यात अर्धे तथ्य आहे. उत्पादकाने वरच्या मर्यादेपेक्षा जास्त माल पाठवला असेल किंवा जुनी खेप पाठवली असेल, तर जबाबदारी त्याचीच. पण मर्यादेच्या आत पाठवलेला ताजा माल, ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढण्याचा नियम गोदामाने न पाळल्यामुळे पडून राहिला, किंवा साखळीने मसाल्याची फळी पुढच्या दर्शनी ओळीतून मागे हलवल्यामुळे विकला गेला नाही, तर तो भार उत्पादकावर टाकणे अन्यायाचे आहे. हा भेद नंतर तोंडी पटवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक खेपेचा क्रमांक, तिची मुदत आणि त्या दिवशीची वरची मर्यादा यांची नोंद ठेवावी, आणि परत येणाऱ्या प्रत्येक खोक्याचा खेपक्रमांक तिच्याशी ताडून पाहावा.

एकाच ग्राहकावर विसंबण्याचा धोका सर्वांना ठाऊक असतो, परंतु या व्यवस्थेत त्याचे एक विशिष्ट रूप दिसते. साखळीने एखादा पदार्थ विक्रीयादीतून काढून टाकला की पुरवठा त्याच दिवशी थांबतो, आणि मागणीपत्रच नसल्यामुळे ‘मागवलेला माल घ्या’ असे म्हणण्याचा आधार उत्पादकाकडे उरत नाही. जुन्या पद्धतीत हाती असलेले मागणीपत्र हा एक दस्तऐवज तरी असे. येथे तयार पाकिटे, दळलेला मसाला आणि विशेषतः साखळीच्या नावाने छापून घेतलेले वेष्टन अंगावर पडते. यासाठी करारात लिहून घ्यावे की पदार्थ बंद करण्याची सूचना किमान ६० दिवस आधी मिळेल आणि वरच्या मर्यादेइतका तयार माल व एका छपाईचे वेष्टन साखळी ठरल्या दराने उचलेल. छपाईकार किमान किती पाकिटांची छपाई एकदम करतो, हा आकडा येथे मार्गदर्शक धरावा. तो तीस हजार असेल आणि महिन्याला पाच-साडेपाच हजार पाकिटे लागत असतील, तर दोन महिन्यांची सूचना पुरेशी पडत नाही आणि एक तर मुदत वाढवून घ्यावी लागते किंवा साध्या पाकिटावर चिकटपट्टी लावून काम भागवावे लागते.

साठा संपल्याबद्दलच्या दंडाचे कलम वाचताना कारणांची विभागणी पाहावी. फळी रिकामी राहण्याचे कारण उत्पादकाचा उशीर असू शकतो, तसेच गोदामाने माल उतरवून न घेणे, दुकानाने मागच्या खोलीतील खोके न उघडणे किंवा योजना न कळवणे हेही असू शकते. दंड मोजायचा तो मध्यवर्ती गोदामातील शिलकीवर, दुकानाच्या फळीवर नव्हे, कारण उत्पादकाचा हात गोदामापर्यंतच पोहोचतो. ज्या आठवड्यात साखळीचे आकडे सोमवारी दुपारपर्यंत आले नाहीत, त्या आठवड्याचा दंड आपोआप माफ व्हावा. या शेवटच्या अटीवर साखळी क्वचितच हरकत घेते, आणि आकडे वेळेवर येऊ लागण्यास तिच्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

करारावर सही करण्यापूर्वी आठ आठवडे कागदी तालीम घ्यावी. त्या काळात साखळी नेहमीप्रमाणे मागणीपत्रे पाठवत राहते. उत्पादक मात्र तिच्याकडून दर सोमवारी एक पदार्थ आणि एक गोदाम एवढ्यापुरते आकडे घेतो आणि व्हीएमआय असते तर आज किती खोकी पाठवली असती, हे तक्त्यात लिहून ठेवतो. आठव्या आठवड्याच्या शेवटी दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले की पुष्कळ गोष्टी उघड होतात : आकडे किती सोमवारी वेळेवर आले, संगणकावरची शिल्लक आणि हाताने मोजलेली शिल्लक यांत किती फरक पडला, तक्त्याच्या हिशेबाने माल कितीदा कमी पडला असता आणि प्रत्यक्षात कितीदा पडला. आठपैकी दोनहून अधिक वेळा आकडे उशिरा आले, किंवा मोजणीतला फरक राखीव साठ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा, या उदाहरणात सुमारे शंभर पाकिटांपेक्षा, जास्त निघाला, तर साखळीची नोंदव्यवस्था अद्याप तयार नाही असे समजून तालीम आणखी आठ आठवडे लांबवावी. आकडे समाधानकारक निघाले तर सुरुवात त्याच एका पदार्थाने, गोदामात मालकी बदलण्याच्या अटीवर, सहा महिन्यांच्या करारावर करावी आणि दुसरा पदार्थ त्यात आणताना पहिल्याचे विचलन व मर्यादा नव्या आकड्यांवरून पुन्हा काढाव्यात.